झोका आधी, अर्थ मागून

हे पुस्तक येलदरी आणि आसपासच्या गावांतल्या अशा घरांसाठी आहे, जिथं तान्ह्या लेकराच्या कानावर दखनी आणि मराठी दोन्ही पडतात. डाव्या पानावर दखनी ओळी आहेत, उजव्या पानावर मराठी. दोन्ही लिपी देवनागरीच ठेवली आहे, कारण या भागातल्या बहुतेक तरुण आया तीच सराईतपणे वाचतात. पुस्तक उघडल्यावर एक गोष्ट लगेच खटकेल. समोरासमोरच्या ओळींचा अर्थ बऱ्याच ठिकाणी जुळत नाही. डावीकडे धरणावर वारा सुटलेला असतो आणि उजवीकडे तेच धरण झोपलेलं असतं. हे मुद्दाम केलेलं आहे, आणि ते का केलं हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना लिहिते आहे.

येलदरी जिंतूर तालुक्यात, पूर्णेच्या काठी. इथलं धरण 1968 साली पूर्ण झालं. पायथ्याच्या वीजघराचे तीन संच मिळून साडेबावीस मेगावॉटचे. लांबून येणाऱ्याला गावाची ओळख एवढीच असते. पण इथल्या बोलण्याची गोष्ट धरणाच्या कितीतरी आधीची आहे. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि कचेरीची भाषा उर्दू होती. घराघरांत मात्र कचेरीतली उर्दू कधीच नव्हती, दखनी होती. बोलणारे तिला ‘आमची हिंदी’ म्हणतात. मराठीच्या शेजारात शतकानुशतकं राहून तिनं ‘नको’चं ‘नक्को’ करून घेतलं आणि वाक्यात जोर द्यायला आपला ‘च’सुद्धा उचलला. आज अशा घरात आजी झोळी हलवताना दखनीत गुणगुणते, आई दोन्हींत बोलते, शेजारच्या काकी मराठीत आणि अंगणवाडीच्या ताई मराठीतच. याच तालुक्यात बंजारा तांडेही आहेत. पण गोरमाटी बोलीच्या अंगाया हा स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे. तो इथं दोन पानांत उरकणं बरोबर नाही.

दोन भाषांतल्या लेकरासाठी गाणी करायची म्हटली की कुणीही पहिल्यांदा भाषांतराकडे वळतं. आजीच्या गाण्यात चांद आहे तर मराठीतही चांद हवा, तिच्या गाण्यात वारा तर इथंही वारा. लेकराला ‘हे म्हणजेच ते’ असं कळेल, ही त्यामागची आशा. पण सहा-आठ महिन्यांच्या बाळाकडे अजून ‘हे’ही नसतं आणि ‘ते’ही नसतं. शब्दांच्या आधी त्याच्याकडे पोचतो तो ठेका, आणि तोसुद्धा नुसता कानातून जात नाही.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी सात महिन्यांच्या बाळांवर केलेला एक प्रयोग 2005 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी सहा ठोक्यांचा एक आवर्त वाजवला आणि त्यात कुठल्याही ठोक्यावर जोर ठेवला नाही. तो ऐकवत असताना काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्याला आणि काहींना दर तिसऱ्या ठोक्याला अंगावर घेऊन हलवलं. हे सगळं दोन मिनिटं चाललं. नंतर त्याच आवर्तात जोर घालून दोन्ही तऱ्हा ऐकवल्या, तेव्हा दोनादोनांत हललेली बाळं दोनादोनांचा ठेका जास्त वेळ ऐकत राहिली आणि तिनातिनांत हललेली तिनातिनांचा. ज्या बाळांना हलवलं नव्हतं, ज्यांनी दुसऱ्याला हलताना फक्त पाहिलं होतं, त्यांच्यात ही आवड दिसली नाही. झोळीची दोरी धरणाऱ्या बाईला यात नवं काही वाटणार नाही. पण गाणं लिहिणाऱ्यासाठी यात एक नेमकी सूचना आहे. लेकराचं अंग ज्या हिशेबानं हलतं, त्याच हिशेबानं ओळ पडली पाहिजे. आणि घरात भाषा दोन असल्या तरी झोळी एकच असते.

म्हणून आधी झोळीचा हिशेब. माळवदाच्या घरात किंवा पत्र्याच्या घराच्या आढ्याला लुगड्याची झोळी बांधली आणि टांगलेल्या जागेपासून बाळाच्या अंगापर्यंत 2 मीटर अंतर असलं, तर जाऊन परत येण्याचा एक पूर्ण झोका सुमारे 2.8 सेकंदांचा होतो. अंतर 1 मीटर असेल तर 2 सेकंदांचा. घोडीवरच्या छोट्या पाळण्यात ते अर्धा मीटर असेल तर 1.4 सेकंदांचा. बाळाचं वजन वाढलं म्हणून यात फरक पडत नाही. दोरी जरा जोरात ओढली तर झोका लांबवर जातो, पण वेळ जवळजवळ तेवढाच घेतो. म्हणजे गाण्याची लय गाणारी बाई ठरवत नाही, आढं ठरवतं. तिला फक्त त्या वेळेत अक्षरं बसवायची असतात.

झोका एकदा जातो आणि एकदा येतो. जाताना तीन मात्रा आणि येताना तीन, अशी सहाची वाटणी अंगाईला सगळ्यात सहज बसते. माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त मात्रांच्या आवर्तनांना नावं दिली आहेत, त्यांतलं हे भृंगावर्तन, सहा मात्रांचं. तबल्यावर तोच दादरा. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घाची दोन, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं समजेल. ‘नीज’ तीन मात्रांचा, ‘झोप’ तीन मात्रांचा, ‘दिवा’ही तीनच, फक्त त्यात ऱ्हस्व आधी येतो. उंच झोळीत 2.8 सेकंदांत सहा मात्रा म्हटल्या की एकेक मात्रा जवळजवळ अर्ध्या सेकंदाची होते, आणि पेंगुळलेल्या लेकराला ती संथ चाल चालते. अर्ध्या मीटरच्या पाळण्यात त्याच सहा मात्रा एका झोक्यात कोंबल्या तर ओळ पळायला लागते. तिथं जाणं आणि येणं मिळून तीनच मात्रा घ्याव्यात. मग चाल पुन्हा पहिल्याइतकी संथ होते आणि ओळ बदलावी लागत नाही.

आता एक उदाहरण सबंध उलगडून दाखवते. पुस्तकातल्या दुसऱ्या पानावरच्या या चार दखनी ओळी:

चाँद आ गया रे
नींद आ गई रे
धरण पे हवा रे
दूर एक दिया रे

पहिली ओळ झोक्यावर अशी पडते: चाँद, आ ग, याऽ, रेऽ. चार तुकडे, प्रत्येक तीन मात्रांचा. पहिले दोन अक्षरांनी भरलेले आणि शेवटचे दोन ओढलेले, म्हणजे ‘या’च्या दोन मात्रांना एकीची ओढ जोडायची, ‘रे’लाही तसंच. एकूण बारा मात्रा, दोन पूर्ण झोके. ‘गया’ हा शब्द मधोमध तुटतो. त्यातला ऱ्हस्व ‘ग’ झोका वळायच्या ऐन आधी येतो आणि ‘या’ वळणावर पडतो. ‘पे हवा’तला ‘ह’सुद्धा तेच काम करतो. हा छोटासा टेकू या गाण्याचा प्राण आहे. तो गेला तर चारही तुकडे सुटे पडतात.

याचं सरळ भाषांतर असं होईल: चंद्र उगवला आहे, झोप आली आहे, धरणावर वारा आहे, दूर एक दिवा आहे. अर्थ शंभर टक्के आला. शेजारच्या एका आजींना मी या ओळी झोळीशी बसून म्हणायला सांगितल्या. त्या दखनी घरातल्या, पण मराठी आयुष्यभर बोललेल्या. त्यांनी दोनदा म्हणून पाहिल्या, दोरी सोडली आणि म्हणाल्या, “ये बोल झोली के पीछे भागरे.” शब्द झोळीच्या मागं धावतायत. त्यांचा हात नेमका कुठं अडकला ते पाहण्यासारखं होतं. ‘चंद्र’ बसला. ‘उगव’ही बसला. मग ‘ला’ आणि ‘आहे’ एकमेकांवर आदळले, कारण वळण ‘आहे’तल्या ‘आ’च्या मध्यावर आलं. गंमत म्हणजे या ओळीच्या मात्रांची बेरीज बरोबर बारा आहे. तेव्हा नुसती बेरीज जुळली म्हणजे ओळ जुळली असं धरून चालत नाही. तिनाच्या प्रत्येक जोडावर अक्षर नव्यानं सुरू व्हावं लागतं. तिसऱ्या ओळीत हाताची आणखी ओढाताण झाली. ‘धरण’ एकटा असताना स्वच्छ तीन मात्रांचा आहे. त्याला ‘वर’ चिकटला की ‘धरणावर’ होतो आणि झोक्याचं वळण ‘णा’च्या पोटात येतं. दखनीत ‘पे’ हा शब्द वेगळा उभा राहतो, त्यामुळे ‘धरण’ला धक्का लागत नाही. मराठीत विभक्तीचा प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय नामाला चिकटतं आणि चिकटताना नामाचं रूपच बदलतं. दखनीतून मराठीत आणलेली ओळ लांबते आणि लंगडते त्याचं सगळ्यात मोठं कारण हे, आणि दुसरं कारण शेवटचा ‘आहे’.

म्हणून उजव्या पानावर असं आहे:

चांद वर उभा रे
नीज नीज बाळा
धरण झोपलं रे
दूर एक दिवा रे

पहिल्या ओळीत चांद उगवत नाही, आधीच वर उभा आहे. त्यानं ‘वर उ’ हा तुकडा मिळाला आणि ‘उभा’तला ऱ्हस्व ‘उ’ ‘गया’तल्या ‘ग’च्या जागी आला. ‘चंद्र’च्या ऐवजी ‘चांद’ घेतला, कारण मात्रा दोन्हींच्या सारख्याच असल्या तरी दोन्ही पानांवर ओळ एकाच आवाजानं सुरू होते आणि लेकरू पहिला आवाज ऐकूनच गाणं ओळखतं. तिसऱ्या ओळीतून वारा काढून टाकला. ‘धरण’ला प्रत्यय लागू द्यायचा नव्हता, तेव्हा त्यालाच कर्ता केलं आणि झोपवलं. चौथ्या ओळीला काही करावंच लागलं नाही. ‘दिया’चा ‘दिवा’ झाला, बाकी सगळी ओळ दोन्ही भाषांची आहे. अशा ओळी हुडकून काढण्यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि त्यांचा मला सगळ्यात जास्त आनंद आहे. पुस्तकात त्या ठळक छापल्या आहेत. आजी आणि काकी एकाच वेळी घरात असतील तर निदान ती एक ओळ दोघींनी मिळून म्हणावी.

दुसऱ्या ओळीत ‘रे’ नाही, ‘बाळा’ आहे. ती जागा नावासाठी ठेवली आहे. बाळाचं घरातलं हाकेचं नाव दोन दीर्घ अक्षरांचं असेल तर ते तिथं सरळ बसतं: सोनू, राजा, बेबी, मुन्नी. तीन अक्षरी नाव तिथं घालू नये, झोका थांबतो. मुलीसाठी ‘रे’च्या जागी ‘गं’ घ्यावा. त्याला ‘रे’सारखी ओढ मिळत नाही, पण शेवटच्या तुकड्यात आवाज तसाही विरत जातो, त्यामुळे निभतं.

या शेवटच्या अक्षराबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण मराठी अंगाईची खरी अडचण तिथं असते. झोप, नीज, हस, बस, पड ही आपली आज्ञार्थी रूपं बोलताना व्यंजनावर मिटतात. ओठ किंवा जीभ बंद झाली की सूर ओढता येत नाही आणि अंगाईला ओळीअखेर ओढ लागतेच, कारण त्या ओढीतच बाळाचा श्वास संथ होतो. आपल्या जुन्या अंगायांत ‘जो जो’, ‘गाई’, ‘बाळा’, ‘रे’ यांची रेलचेल आहे ती नुसत्या लाडापोटी नाही. ते ओळीचं तोंड उघडं ठेवायचं काम करतात. दखनीत ‘सो जा’ मुळातच उघडा आहे, ‘गया’, ‘हवा’, ‘दिया’ उघडे आहेत. दखनी बाई अर्थाच्या शब्दावरच सूर ओढू शकते. मराठी बाईला त्यासाठी एक जादा अक्षर लागतं. ते अक्षर वाया गेलं असं समजू नये. दीड-दोन वर्षांचं लेकरू गाण्यात पहिल्यांदा सामील होतं ते ओळीच्या शेवटच्या अक्षरावर. आई ‘चांद वर उभा’ म्हणून क्षणभर थांबली की ते ‘रे’ म्हणतं. दोन्ही पानांवर शेवटी ‘रे’च असेल तर त्याला भाषा ओळखण्याआधीच गाण्यात जागा सापडते.

इथं कुणी विचारेल की एवढी मोजदाद आपल्या आज्या कुठं करत होत्या? ओवीत तर अक्षरं कमीजास्त असतात आणि तरी जात्यावर ती कधी अडत नाही. बरोबर आहे. ओवीत मात्रा मोजत नाहीत, तो अक्षरछंद आहे. तीन चरण आणि त्यांच्यामागे एक आखूड चौथा, एवढी चौकट. आत अक्षरं जास्त झाली तर गाणारी दाबून म्हणते, कमी पडली तर लांबवते. ‘झोप’मधला बोलताना गिळलेला ‘अ’सुद्धा ती गाताना उघडा करते. परभणी जिल्हा तर जनाबाईचा, गंगाखेडचा. दळताना गाण्याची परंपरा इथल्या घराघरांत होती. ग्रामीण बायकांच्या लाखभर ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रयत्नांतून गोळा झाल्या, त्यांत या जिल्ह्यातल्या गळ्यांचाही वाटा आहे. आणि हे फक्त मराठीचंच नाही. विजापूरच्या सूफींच्या दखनी रचनांत चक्कीनामा आणि लोरीनामा असे प्रकारच आहेत, बायकांनी जात्यावर आणि पाळण्याशी गावेत म्हणून रचलेले. अमेरिकी इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी त्यांच्यावर 1970च्या दशकात लिहिलं. दोन्ही भाषांतल्या बायकांनी एकाच दगडाच्या गतीवर शब्द बसवले आहेत.

पण ती ओढाताण गळ्यात मुरलेली असावी लागते. दहा वर्षं जात्यावर बसलेल्या बाईला कुठलं अक्षर दाबायचं हे सांगावं लागत नसे. आज जातं बंद आहे, आजी जवळ असेलच असं नाही, आणि वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये तरुण आई पुस्तकातून वाचून म्हणते. तिला छापलेली ओळ जशीच्या तशी झोक्यावर बसलेली मिळायला हवी. म्हणून इथं मात्रा मोजून दिल्या आहेत आणि जिथं ओढायचं तिथं अवग्रह छापला आहे.

ओळ बसली की नाही हे तपासायला फार काही लागत नाही. शब्द सोडून नुसतं ‘ता ता’ करत ती म्हणून पाहावी; दखनी आणि मराठी ओळीचं ‘ता ता’ एकसारखं आलं पाहिजे, इतकं की बाहेरच्या खोलीत बसलेल्याला कुठली भाषा चालू आहे ते ओळखता येऊ नये. मग दोरी हातात घेऊन म्हणावी आणि लक्ष हाताकडे ठेवावं. ओळ चुकली असेल तर तोंडाच्या आधी हात अडखळतो. म्हणणारी बाई नकळत एखादं अक्षर गिळायला लागली, किंवा ‘आहे’चा ‘ए’ करायला लागली, तर ती ओळ तिनं स्वतःच दुरुस्त केली असं समजून तीच दुरुस्ती छापावी. या पुस्तकातल्या कितीतरी ओळी अशाच आजींनी आणि मावशींनी गिळून-गिळून घडवलेल्या आहेत.

मांडीवरची गाणी निराळी. लेकरू बसायला लागलं, हात धरून नाचवता यायला लागलं की सहाचा झोका त्याला पुरत नाही. तिथं चारचारांची उडी लागते, आठ मात्रांचं आवर्तन. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ रॉबिन्स बर्लिंग यांनी 1966 साली इंग्रजी, पेकिंगची चिनी आणि सुमात्रातली बेंगकुलू या एकमेकींशी नातं नसलेल्या भाषांतली मुलांची गाणी तपासली आणि ओळीत चार ठोके, अशा चार ओळी हा साचा तिन्हींत सापडल्याचं दाखवलं. आपल्या बडबडगीतांना तो परका नाही. पुस्तकातली दखनी ओळींची एक जोडी अशी आहे:

नक्को नक्को दूध नक्को
शक्कर डालो, अब्बी दो

प्रत्येक ठोक्याला चार मात्रा. ‘दूध’ला एक मात्रा ओढायची, शेवटच्या ‘दो’ला दोन. याला मराठीत आणताना वाटतं की ‘नक्को’चं ‘नको’ केलं की झालं, शब्द तर आपलाच आहे. पण जोडाक्षर सुटलं की ‘न’ हलका होतो. ‘नक्को’ चार मात्रांचा होता तो ‘नको’ तीन मात्रांचा उरतो, आणि मांडीवरची उडी पायरी चुकल्यासारखी पडते. म्हणून उजवीकडे आहे:

नाही नाही दूध नाही
साखर घाला, आत्ता द्या

‘नाही’ चार, ‘साखर’ चार, ‘घाला’ चार, ‘आत्ता’ चार. ‘अब्बी’तलं जोडाक्षर जिथं दणका देतं तिथंच ‘आत्ता’तलं येतं. हे गाणं चाललं असताना दखनी घरातलं लेकरू मराठी ओळीतही ‘नक्को’ म्हणेल. म्हणू द्यावं. मात्रा तर जुळतातच, आणि मराठी कानाला तो शब्द परका वाटत नाही.

इंग्रजी गाण्यांबद्दल मला बरेच जण विचारतात, विशेषतः ज्यांची मुलं-सुना परदेशात आहेत ते. थोडक्यात सांगते. इंग्रजी ओळ जोराचे ठोके मोजते आणि मधली अक्षरं चेपून टाकते. मराठीत प्रत्येक अक्षराला त्याचं माप द्यावं लागतं. त्यामुळे इंग्रजीतल्या चार ठोक्यांत मावणारा मजकूर मराठीत सहा-सात ठोक्यांचा होतो. तिथं अर्थ अर्ध्यावर आणल्याशिवाय गत्यंतर नाही. दखनी आणि मराठी यांच्यात तसं नाही. दोन्ही मात्रांच्याच भाषा आहेत, म्हणून इथं थोडंच सोडून पुष्कळ राखता येतं.

सोडायचं किती, यालाही मर्यादा आहे. झोळीतल्या बाळासाठी वाऱ्याच्या जागी झोपलेलं धरण चालतं. पण अडीच-तीन वर्षांचं मूल बोटानं दाखवून नावं विचारायला लागलं, की नाक-कान-डोळ्यांच्या गाण्यात ‘नाक’ म्हणत असताना हात कानावर जाऊन चालत नाही. अशा गाण्यांत मी अर्थ धरून ठेवला आहे आणि ठेक्यासाठी बाकीची ओळ हलवली आहे. मोजणीचंही तसंच. अंक बदलता येत नाहीत, त्यांचा क्रमही बदलता येत नाही.

आणि नेमकं मोजणीतच मराठीनं हात दिला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा: यांतला प्रत्येक शब्द बरोबर तीन मात्रांचा आहे. झोळीच्या प्रत्येक जाण्याला एक अंक आणि येण्याला एक अंक. काही न करता ओळ तयार होते. चार अंकांची एक ओळ, मग चारांची दुसरी, आणि तिसरी ‘नऊ दहा झाले’, शेवटची दोन्ही अक्षरं ओढून.

अडचण आली ती डाव्या पानावर. दखनीत एक, तीन, चार, पाँच, सात, आठ हे तिनाचे, पण दो, छे, नौ दोन-दोन मात्रांचे. त्यांना ओढ देऊन भागतं, कारण तिघंही स्वरावर उघडे आहेत. ‘दस’चं तसं नाही. दोन ऱ्हस्व अक्षरं, शेवटी ‘स’. तो ओढला तर नुसती शीळ निघते. गाणारी बाई तिथं हमखास घाई करायची आणि झोळी एक मात्रा मागं राहायची. शेवटी तिसरी ओळ ‘नौ दस हुए रे’ अशी केली. नौऽ, दस हु, एऽ, रेऽ. ‘हुए’तला ऱ्हस्व ‘हु’ मागं सरकून ‘दस’ची उणीव भरतो, ‘गया’तला ‘ग’ जसा वळणाआधी टेकू देतो तसाच.

अकरापासून झोळीचं गाणं संपतं. अकरा, बारा, तेरा, चौदा हे चार-चार मात्रांचे आहेत आणि दखनीतले ग्यारा, बारा, तेरा, चौदाही. म्हणजे मोजणी पुढं न्यायची तर मूल मांडीवर घ्यावं लागतं, आठच्या ठेक्यावर. तिथं दोन्ही पानं जवळजवळ अक्षराला अक्षर जुळतात. लिहिताना ‘पंधरा’ पाच मात्रांचा दिसतो, पण बोलताना आपण सगळे ‘पंध्रा’च म्हणतो, तो दखनीच्या ‘पंद्रा’शी बरोबर बसतो. पुढं सोळा, सतरा, अठरा विनातक्रार येतात. एकोणीसच्या सात मात्रा आहेत आणि उन्नीसच्या पाच. ते दोन शब्द एका उडीत कुठल्याच घरी बसले नाहीत, म्हणून या पुस्तकातली मोजणी अठरावर थांबते.